दोन मिनिटं, दहा एमबी आणि एमपी४

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सूचना येते. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्पाचा व्हिडिओ गुगल फॉर्मवर अपलोड करायचा आहे, लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटं, फाइल १० एमबीच्या आत, प्रकार एमपी४. प्रकल्प तयार असतो, शूटिंग झालेलं असतं, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याच ग्रुपवर निरोप यायला लागतात : ‘मॅडम, फाइल जात नाहीये.’ मग कुणी फोनवर ‘कॉम्प्रेसर’ नावाचं एखादं अ‍ॅप उतरवतं, कुणी व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून परत उतरवून घेतं. फाइल लहान होते खरी, पण तक्त्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत.

व्हिडिओची साइज कशावर ठरते हे कळलं, तर ही धावपळ पुष्कळशी टळते. त्यासाठी लागतो फक्त चौथीच्या मुलाला येणारा गुणाकार-भागाकार.

आधी ही १० एमबीची अट आली कुठून ते पाहू, कारण ती बहुतेकदा कुणी विचारपूर्वक घातलेली नसते. गुगल फॉर्ममध्ये फाइल मागवायचा प्रश्न घातला, की कमाल साइजसाठी पाचच पर्याय मिळतात : १ एमबी, १० एमबी, १०० एमबी, १ जीबी आणि १० जीबी. त्यातला १० एमबीचा पर्याय आपोआप निवडलेला असतो. शिक्षकांनी तो बदलला नाही, तर तीच अट होते. संपूर्ण फॉर्मवर मिळून किती फाइली घ्यायच्या यालाही मर्यादा असते, आणि ती सुरुवातीला १ जीबी असते. आलेली प्रत्येक फाइल शिक्षकांच्या गुगल ड्राइव्हमध्ये जाऊन बसते. तिथली फुकट जागा १५ जीबी, आणि त्यातच त्यांची ई-मेलही असते. चाळीस मुलांनी प्रत्येकी १०० एमबीची फाइल पाठवली तर ४ जीबी होतात, त्यामुळे अट सैल करून मागण्याआधी पालकांनी ही बाजूही लक्षात घ्यावी. फॉर्मला ‘फक्त व्हिडिओ’ असं सांगता येतं, ‘फक्त एमपी४’ असं सांगता येत नाही. म्हणजे एमपी४ची अट शिक्षकांनी स्वतः लिहिलेली असते आणि ती तपासणारही तेच असतात. फॉर्मने दुसऱ्या प्रकारची फाइल मुकाट्याने स्वीकारली, म्हणून ती चालेलच असं नाही.

आता गणित. व्हिडिओ चालताना दर सेकंदाला किती माहिती खर्ची पडते, त्याला बिटरेट म्हणतात. हा दर आणि एकूण सेकंद यांचा गुणाकार म्हणजे फाइलची साइज. दुसरं काही त्यात नाही. रिझोल्यूशन, म्हणजे ७२०पी की १०८०पी, साइज थेट ठरवत नाही, बिटरेट ठरवतो. एकाच १०८०पी व्हिडिओची फाइल १० एमबीचीही करता येते आणि २५० एमबीचीही. फरक चित्राच्या दर्जात पडतो.

पुष्कळ अँड्रॉइड फोन १०८०पीवर शूटिंग करताना सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहितात. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून १७ला ८ने भागायचं. सेकंदाला २ एमबीहून थोडं जास्त. दोन मिनिटांचे १२० सेकंद, म्हणजे अडीचशे एमबी. फॉर्मला हव्यात १०. फाइल पंचवीसपट लहान करायची आहे, हा आकडा आधीच डोळ्यांसमोर असला की पुढचे निर्णय सोपे होतात.

उलट्या दिशेने : १० एमबी गुणिले ८ म्हणजे ८० मेगाबिट, भागिले १२० सेकंद. उत्तर येतं ०.६६७ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६६७ किलोबिट. चित्र आणि आवाज या दोघांनाही मिळून एवढंच. फोनने सतरा हजार किलोबिटमध्ये जे लिहिलं, ते सहाशेसदुसष्टमध्ये बसवायचं आहे.

ते बसतं, कारण व्हिडिओमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. अधूनमधून एक फ्रेम पूर्ण लिहिली जाते आणि मधल्या फ्रेमांमध्ये आधीच्यापेक्षा काय बदललं एवढंच लिहिलं जातं. फोन स्टँडवर आहे, मुलगी टेबलामागे उभी राहून बोलते आहे, तर बदलतात फक्त तिचे ओठ आणि हात. मागची भिंत आहे तशीच. अशा दृश्याला फारच थोडे बिट लागतात. फोन हातात धरला की हात हलतो, हात हलला की भिंतसुद्धा प्रत्येक फ्रेममध्ये सरकते, आणि तिच्यावरही बिट खर्च होतात. अंधाऱ्या खोलीतलं चित्रण आणखी महाग पडतं. कमी उजेडात चित्रावर जे बारीक कण थरथरताना दिसतात, ते दर फ्रेमला वेगळे असतात, आणि संगणकाच्या लेखी तो नवा मजकूरच असतो.

म्हणून लहान आणि तरीही स्वच्छ फाइल एडिटिंगच्या टेबलावर नव्हे, शूटिंगच्या वेळी तयार होते. हे पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण मुलांचा सगळा जीव शेवटच्या अ‍ॅपवर लागलेला असतो.

एक उदाहरण शेवटापर्यंत नेऊ. समजा, आठवीतल्या तीन मुलींचा प्रकल्प छतावरच्या पावसाच्या पाण्याचा आहे. पत्र्याचं छोटं छप्पर, त्याखाली अर्ध्या पाइपची पन्हळ, पन्हळीतून पाणी एका कापलेल्या पाच लिटरच्या बाटलीत उतरतं. बाटलीत खाली खडी, वर वाळू, त्यावर कोळसा. खालून गाळलेलं पाणी काचेच्या ग्लासात. त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये ४के नको म्हणून १०८०पी आणि सेकंदाला ३० फ्रेम निवडल्या आहेत. फोन आडवा धरला आहे, कारण वर्गातल्या पडद्यावर उभ्या व्हिडिओच्या दोन्ही बाजू काळ्या राहतात. शूटिंग दुपारी, व्हरांड्यात, उजेड समोरून.

बोलण्याचा मजकूर त्यांनी आधी लिहून काढला आहे. शांतपणे, समजेल असं मराठी बोललं, तर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. दोन मिनिटांत कृती दाखवायचीही असते, तेव्हा पावणेदोनशे ते दोनशे शब्द पुरे. त्यांचा पहिला मसुदा चारशे शब्दांचा होता. तो न कापता शूटिंग केलं असतं, तर एडिटिंगमध्ये वाक्यांच्या मधोमध कात्री चालवावी लागली असती.

या प्रकल्पात एकच दृश्य अडचणीचं आहे : छपरावर झारीने पाणी ओततात ते. पडणारं पाणी, उडणारे थेंब, ओल्या पत्र्यावरची चमक. इथे दर फ्रेमला सगळंच बदलतं, आणि ६६७ किलोबिटच्या व्हिडिओत नेमकी हीच जागा चौकोनी ठिपक्यांची होऊन जाते. मुलींनी पहिल्यांदा हे दृश्य सव्वीस सेकंदांचं ठेवलं होतं. नंतर पाणी ओततानाचे सात सेकंद ठेवले आणि उरलेल्या वेळात स्थिर दृश्यं घातली : बाटलीतले तीन थर जवळून, आणि गढूळ व गाळलेल्या पाण्याचे दोन ग्लास शेजारी-शेजारी. प्रकल्प समजायला हीच दृश्यं जास्त उपयोगाची आहेत. पाणी वरून पडतं हे परीक्षकांना सात सेकंदांतही कळतं.

एडिटिंगनंतर लांबी भरली एक मिनिट अठ्ठावन्न सेकंद. दोन सेकंद हाताशी ठेवलेले बरे, कारण एक्स्पोर्ट होताना काही फ्रेम इकडे-तिकडे होतात आणि २:०० दिसणारी टाइमलाइन फाइलमध्ये २:०१ होऊन बसू शकते. नाव, शाळा, इयत्ता लिहिलेली सुरुवातीची पाटी आणि शेवटचे आभार वेळेत धरायचे की नाही, हा प्रश्न नेहमी निघतो. सूचनेत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर धरायचे. अमेरिकेतल्या नॅशनल हिस्टरी डे या शालेय स्पर्धेत माहितीपटाला दहा मिनिटं मिळतात आणि श्रेयनामावलीही त्या दहा मिनिटांतच मोजतात. परीक्षकांना फाइलवर दिसते ती लांबी खरी, असं धरून चालणं सगळ्यात सुरक्षित.

लांबीचा एक घोटाळा वारंवार होतो आणि तो ओळखायला सोपा आहे. व्हिडिओ संपतो, पडदा काळा होतो, पण वेळ पुढे धावतच राहते आणि फाइल तीन मिनिटं चाळीस सेकंदांची निघते. बहुतेक वेळा पार्श्वसंगीताची पट्टी चित्राच्या पुढे लांबलेली असते, किंवा कापलेल्या क्लिपचा एखादा तुकडा टाइमलाइनच्या टोकाला दूरवर पडून राहिलेला असतो. टाइमलाइन पूर्ण बाहेर खेचून शेवटचं टोक पाहिलं की तो सापडतो.

आता एमपी४. एमपी४ हा जेवणाच्या डब्यासारखा आहे : नाव डब्याचं असतं, आत काय भरलं आहे ते वेगळं. आतल्या चित्राची पद्धत बहुधा दोनांपैकी एक असते, २००३ साली आलेली एच.२६४ किंवा २०१३ साली आलेली एचईव्हीसी, जिला एच.२६५ही म्हणतात. दुसरी पद्धत त्याच दर्जासाठी बरेच कमी बिट घेते, म्हणून मोह होतो. पण जुन्या संगणकांवर ती चालेलच असं नाही. विंडोजवर तिच्यासाठी अनेकदा वेगळं एक्स्टेन्शन घ्यावं लागतं आणि ते नसलं, की आवाज ऐकू येतो, पडदा काळा. शाळेच्या संगणक कक्षाचा भरवसा धरायचा असेल तर एच.२६४च घ्यावी. आवाजासाठी एएसी.

आयफोनवाल्यांची अडचण निराळी. २०१७ सालच्या आयओएस ११पासून नवे आयफोन एचईव्हीसीत शूटिंग करतात आणि फाइलच्या शेवटी .mov येतं. Settings, Camera, Formats इथे जाऊन Most Compatible निवडलं, तर आतली पद्धत एच.२६४ होते, मात्र डबा .mov हाच राहतो. मग मुलं फाइलचं नाव बदलून शेवटी .mp4 लिहितात. नाव बदलल्याने फाइलचा प्रकार बदलत नाही. शिवाय विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट सहसा लपवून ठेवतं, त्यामुळे मुलाला project.mp4 दिसतं आणि प्रत्यक्षात फाइल असते project.mp4.mov. फाइल एक्सप्लोररच्या View मेनूत File name extensions चालू केलं की खरं नाव दिसतं.

आत एच.२६४ आणि एएसी असेल, तर डबा बदलणं हे काही सेकंदांचं काम आहे आणि त्यात दर्जा तसूभरही कमी होत नाही. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना एफएफएमपेग हा मोफत प्रोग्राम माहीत असतो. त्यात एवढीच ओळ लागते :

```
ffmpeg -i project.mov -c copy project.mp4
```

पण आपल्या मुलींना साइजही कमी करायची आहे, तेव्हा त्यांना नव्याने एन्कोड करावंच लागेल. इथे एक पथ्य आहे. एडिटिंगच्या अ‍ॅपमधून आधी चांगल्या दर्जाची एक फाइल काढायची, १०८०पीमध्ये, साइजची चिंता न करता. हिला मूळ प्रत म्हणू. लहान फाइल हिच्यावरूनच बनवायची, एकदाच. प्रत्येक वेळी दाबताना काही बारकावे कायमचे जातात. आधी व्हॉट्सअ‍ॅपने दाबलेली फाइल अ‍ॅपने पुन्हा दाबली, तर पहिल्या वेळचे चौकोनी ठिपके दुसऱ्या वेळी चित्राचाच भाग समजून जपले जातात आणि त्यांच्यावरच बिट वाया जातात. मैत्रिणीच्या फोनमधल्या क्लिप आणायच्या असतील, तर व्हॉट्सअ‍ॅपवर त्या ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवाव्यात. तशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोचते.

लहान फाइल बनवायला हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम चांगला आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. त्यात मूळ प्रत उघडून आधी Fast 480p30 हा तयार संच निवडायचा. ४८०पीच का, तर ५६० किलोबिटमध्ये ७२०पीची चौकट भरायला गेलं तर प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला फार कमी येतं आणि चित्र फाटतं. थोडं कमी रिझोल्यूशन, पण स्वच्छ, हे जास्त बरं दिसतं. तक्त्यावरचा मजकूर वाचता येणार नाही अशी शंका असेल, तर तो तक्ता शूट करतानाच पडदाभर घ्यावा.

५६० हा आकडा कुठून आला? दहा एमबीच्या काठावर न जाता साडेनऊच्या आत राहायचं. आवाजाला ६४ किलोबिट पुरतात, कारण बोलणं एकाच माणसाचं आहे, म्हणून आवाज मोनो. चित्राला ५६०. मिळून ६२४ किलोबिट. गुणिले ११८ सेकंद, भागिले ८ : साधारण ९,२०० किलोबाइट, म्हणजे ९.२ एमबी. डब्याची स्वतःची थोडी भर धरूनही फाइल साडेनऊच्या आत राहते.

हँडब्रेकमध्ये Video या पानावर पद्धत एच.२६४ आहे ना ते पाहायचं. तिथे सुरुवातीला Constant Quality निवडलेलं असतं. त्यात दर्जा सांभाळला जातो, पण साइज किती होईल ते आधी सांगता येत नाही. साइज ठरलेली असेल तर Avg Bitrate निवडून ५६० लिहायचं आणि Multi-Pass Encoding वर खूण करायची. मग प्रोग्राम आधी पूर्ण व्हिडिओ नुसता पाहून घेतो, कुठे पाणी उडतं आहे आणि कुठे मुलगी स्थिर उभी आहे याची नोंद घेतो, आणि बिट त्याप्रमाणे वाटतो. त्या सात सेकंदांना शांत दृश्यांतून उरलेले बिट मिळतात. याच पानावर Constant Framerate निवडावं. फोन शूटिंग करताना फ्रेमांचा वेग कमी-जास्त करतात आणि त्यामुळे काही वेळा आवाज ओठांच्या मागे पडत जातो. तो दोष याने टळतो. Audio च्या पानावर एएसी, ६४ आणि Mono. शेवटी Start Encode. फाइलचं नाव .m4v होऊन आलं, तर हँडब्रेकच्या सेटिंगमध्ये नेहमी .mp4 वापरण्याचा पर्याय आहे, तो निवडून पुन्हा काढावी.

घरात फक्त फोन असेल तर? एडिटिंग अ‍ॅपच्या एक्स्पोर्टच्या पानावर रिझोल्यूशन, फ्रेम आणि पुष्कळदा बिटरेटची सरकपट्टीही असते, आणि अंदाजे साइजही दिसते. तिथे ४८०पी, ३० फ्रेम निवडून पट्टी खाली आणायची. सरकपट्टी नसेल तर एक फाइल काढून तिची साइज पाहायची. अजून १४ एमबी आली असेल, तर एकतर रिझोल्यूशन आणखी एक पायरी खाली आणायचं किंवा लांबी कमी करायची. लांबी हा सगळ्यात प्रामाणिक उपाय आहे : दोन मिनिटांऐवजी दीड मिनिट केलं, तर तेवढ्याच १० एमबीत प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला एक तृतीयांश जास्त येतं. ‘दोन मिनिटांच्या आत’ म्हणजे दोन मिनिटं भरलीच पाहिजेत असं नाही.

फाइल तयार झाली की तपासणी. साइज वाचताना थोडी काळजी घ्यावी. विंडोज एक एमबी १०,४८,५७६ बाइटचा धरतं आणि मॅक दहा लाखांचा, त्यामुळे विंडोजवर ९.९ दिसणारी फाइल मॅकवर १०.४ दिसते. साडेनऊच्या आत राहण्याचं कारण हेच. मग फाइल दुसऱ्याच कुणाच्या तरी फोनवर आणि शक्य असेल तर एखाद्या जुन्या लॅपटॉपवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. पहिले दहा सेकंद पाहून थांबू नये, कारण आवाज मागे पडण्याचा दोष शेवटच्या अर्ध्या मिनिटातच कळतो. शेवटच्या वाक्याला ओठ आणि शब्द जुळत असतील तर काम ठीक झालं.

आणखी एक गोष्ट शिक्षकांना वारंवार सांगावी लागते. मुलं कधी कधी व्हिडिओऐवजी एडिटिंग अ‍ॅपची प्रोजेक्ट फाइल पाठवतात. ती काही केबींची असते आणि तिच्यात चित्र नसतं, कोणती क्लिप कुठे लावली याची नुसती यादी असते. दोन मिनिटांच्या व्हिडिओची साइज शंभर-दोनशे केबी दिसली, तर एक्स्पोर्ट करायचं राहिलं आहे असं समजावं. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळ्या जागा न सोडता द्यावं, उदाहरणार्थ 8B_PavsachePani.mp4, म्हणजे चाळीस ‘final video’मधून ती शोधावी लागत नाही. फॉर्मवर फाइल चढवायला गुगल खात्याने लॉगिन करावं लागतं आणि घरी पालकांच्या फोनवर दुसरंच खातं चालू असतं. शाळेने स्वतःचं खातं दिलं असेल तर ते आधीच उघडून ठेवावं.

मूळ प्रत मात्र पुसायची नाही. फोनमध्ये जागा नसली तर ती पेन ड्राइव्हवर ठेवावी. प्रकल्प पुढच्या फेरीत गेला आणि तिथे १०० एमबी चालत असले, तर त्याच ११८ सेकंदांना सुमारे पावणेसात हजार किलोबिट मिळतात. तेव्हा १०८०पी ठेवता येतं, झारीतून पडणाऱ्या पाण्याचे थेंब वेगवेगळे दिसतात आणि ग्लासातल्या पाण्याच्या रंगातला फरक नीट कळतो. पण त्यासाठी अडीचशे एमबीची मूळ प्रत हातात हवी. ९.२ एमबीच्या फाइलवरून परत मोठी फाइल काढली, तर साइज वाढते, चित्र तेवढंच राहतं.